शेअर म्हणजे कंपनीवरचा कॉल ऑप्शन, मग जोखमीचाच धंदा धरायचा का?

बर्फवाला_मिरकरवाडा

मंडळी, लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

रत्नागिरीजवळ आमची पाच जणांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बर्फाचा कारखाना. पाचांचे शेअर सारखे, प्रत्येकी २० टक्के. दोघे डायरेक्टर आहेत, आम्ही तिघे नुसते भागधारक. मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट मिळून पुढच्या मार्चला बँकेचे व्याजासकट ८० लाख द्यायचे आहेत, आणि सीसी पुढे चालू ठेवणार नाही असं बँकेने तोंडावर सांगितलंय. आज सगळं विकायला काढलं तरी ८० च्या आसपासच येतील. म्हणजे आमच्या हातात काही नाही.

एका निर्यातदाराकडे अडकलेली जुनी रक्कम नुकतीच सुटली. तिचं काय करायचं यावरून दोन तट पडलेत.

डायरेक्टर लोकांचं म्हणणं, अमोनिया कॉम्प्रेसर उघडून दुरुस्त करू, ब्राइनची टाकी नवी पत्रे मारून घेऊ आणि एका मासळी कारखान्याशी वर्षाचा बर्फाचा करार करू. चांगलं चाललं तर मार्चला कंपनी ९० लाखांची, नाही चाललं तर ७० ची.

आम्हा तिघांचं म्हणणं, खाडीलगतची तळी भाड्याने घेऊन व्हॅनामेई कोळंबी सोडू. साधली तर कंपनी १३० लाखांची होते. फसली तर कारखाना भंगारात काढून २० लाख उरतील.

पुण्यात भाचा सीएफए करतोय. तो म्हणाला, "मामा, तुमचा शेअर म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवरचा कॉल ऑप्शन आहे, ठरलेल्या किमतीला ती घ्यायचा हक्क, सक्ती नाही. चढउतार जितका जास्त तितकी ऑप्शनची किंमत जास्त. कोळंबीच करा." डायरेक्टर मात्र ऐकत नाहीत, दोघेही एक नंबर भित्रे. भाचा बरोबर बोलतोय का?

मालवणी_खाजा

रे बाबांनू, ह्या कॉल-बीलाच्या नादाक लागा नको. माझो चुलतभाव दर आठवड्याक बँक निफ्टीचे कॉल घेय, आता स्कूटर इकून बसलो हा. एक्सपायरीच्या दिवशी सगळा शून्य. बर्फ बरो, निदान वितळताना दिसता तरी.

सीए_होणारच

खाजा काका, ते एफ अँड ओबद्दल नाही विचारत 😀

बर्फवाले दादा, तुमचा भाचा शंभर टक्के बरोबर आहे. हे ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ सालीच सांगितलंय, १९७४ मध्ये मर्टनने त्यावरून कर्जाची किंमत काढायची रीत मांडली. कर्ज काढलेली कंपनी खरं तर सावकाराच्या ताब्यात असल्यासारखी असते. ठरलेल्या तारखेला भागधारकांनी कर्जाची रक्कम मोजली की कंपनी त्यांची. मालमत्ता कर्जाहून कमी भरली तर ते मोजत नाहीत, चावी देऊन घरी जातात. तुमच्या बाबतीत ८० लाख ही स्ट्राइक आणि मार्च ही एक्सपायरी.

एक्सेलमध्ये करून बघा. A2 मध्ये मार्चची मालमत्ता लाखात लिहा.

```
भागधारक:  =MAX(A2-80,0)
बँक:      =MIN(A2,80)
```

बर्फ: तुम्हाला १० किंवा ०, अर्धीअर्धी शक्यता धरली तर सरासरी ५ लाख.
कोळंबी: तुम्हाला ५० किंवा ०, सरासरी २५ लाख.

खाली गेलं तर दोन्हीकडे शून्यच, वर गेलं तर पाचपट. म्हणून भागधारकाने नेहमी जास्त चढउताराचा प्रकल्प निवडावा.

शांत_खाडी

आकडे बरोबर आहेत, पण "नेहमी" हा शब्द काढा. आणि बँकेचा रकाना लिहून सोडून दिलात, तो भरू.

बर्फ केला तर बँकेला ८० किंवा ७० मिळतात, सरासरी ७५. कोळंबी केली तर ८० किंवा २०, सरासरी ५०. आता दोन्ही रकान्यांची बेरीज करा. बर्फात ५ आणि ७५ मिळून ८०. कोळंबीत २५ आणि ५० मिळून ७५. म्हणजे कोळंबीचा प्रकल्प मुळात ५ लाखांनी हलका आहे. स्वतःच्या खिशातले पैसे असते आणि डोक्यावर कर्ज नसतं तर तुम्ही पाचही जणांनी तो बाजूला ठेवला असता. तरीही भागधारकांना त्यात २० लाख जास्त दिसतात, कारण बँकेचे २५ लाख गेले. त्यातले २० तुमच्याकडे आले आणि ५ खाडीत गेले.

चढउतारातून पैसा तयार होत नाही, तो एकाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात सरकतो. भाच्याने ऑप्शनची किंमत सांगितली ती खरी आहे. ती कोणाकडून येते हे सांगितलं नाही.

आता "नेहमी"बद्दल. समजा हीच कंपनी आज ८० ऐवजी २०० लाखांची असती, कर्ज तेवढंच. बर्फ केला तर २१० किंवा १९०, कोळंबी केली तर २५० किंवा १४०. कर्ज वजा करून भागधारकांना बर्फात १३० किंवा ११०, म्हणजे सरासरी १२०. कोळंबीत १७० किंवा ६०, म्हणजे ११५. इथे तुम्हीच बर्फाला मत दिलं असतं. कोळंबी फसली तरी कंपनी कर्जाच्या वर राहते, त्यामुळे तोटा पुरता तुमच्याच अंगावर येतो आणि बँकेवर ढकलायला काही उरत नाही. हा मोह कर्जाच्या काठावर आलेल्या किंवा काठाखाली गेलेल्या कंपनीलाच जास्त होतो. भरभक्कम कंपनीच्या भागधारकाला त्यातून फारसं काही सुटत नाही.

मी बँकेत कर्ज विभागात आयुष्य काढलं, आता गुहागरला असतो. फाइल हातात आली की आम्ही हेच बघायचो, कंपनी काठापासून किती लांब आहे.

सीए_होणारच

मान्य, काठावर परिणाम सगळ्यात जास्त. पण सर, जोखीम जास्त म्हणजे अपेक्षित परतावाही जास्त हवा ना? मग कोळंबीची सरासरी बर्फापेक्षा कमी कशी?

शांत_खाडी

हवा म्हणून मिळतोच असं नाही. बाजार जास्त परतावा मागतो तो सगळ्या बाजाराबरोबर हलणाऱ्या जोखमीसाठी. खाडीत विषाणू आला म्हणून तळं मेलं, तर त्याची भरपाई कोणी वाढीव परताव्यातून देत नाही. आणि इथे प्रश्न या पाच जणांच्या खाडीतल्या तळ्याचा आहे. तळं वाईट असेल तर ते वाईटच. ऑप्शनच्या गणिताला त्याच्याशी घेणंदेणं नाही, त्याला फक्त चढउताराचा पसारा दिसतो. म्हणूनच ते गणित वाईट प्रकल्पालाही होकार देतं.

हर्णे_बंदर

हे सगळं ऐकायला बरं आहे. माझी एक ट्रॉलर आहे, कर्ज माझ्या नावावर, राहतं घर तारण. नौका बुडाली किंवा मासळी लागली नाही तर मी चावी देऊन घरी जाऊ शकत नाही, कारण घरच बँकेचं. माझ्या शून्याच्या खाली मोठा खड्डा आहे. मला कुठला ऑप्शन? जून-जुलैच्या बंदीत हप्ता कसा भरायचा याचं कोणी गणित मांडलं तर उपकार होतील.

शांत_खाडी

बंदर भाऊ, हप्त्यासाठी वेगळा धागा काढा, मी लिहीन. पण तुम्ही नकळत मुख्य प्रश्नावर बोट ठेवलंत. तुमचं कर्ज तुमच्या स्वतःच्या नावावर आहे, तुम्हाला नफाही पुरता आणि तोटाही पुरता. कॉल ऑप्शन होतो तो मर्यादित जबाबदारीमुळे. भागीदारी संस्थेतही भागीदार कर्जाला अंगावर जबाबदार असतो, तिथेही हे गणित असंच्या असं लागत नाही.

यावरून बर्फवाले, एक विचारतो. बँकेने ८० लाख देताना वैयक्तिक हमी घेतली असेलच. सही कोणाकोणाची आहे?

बर्फवाला_मिरकरवाडा

दोघा डायरेक्टरांची. आम्ही तिघे तेव्हा मुंबईत होतो, आम्हाला कोणी सही मागितलीच नाही. त्याचा इथे काय संबंध? कंपनी एकच आहे, शेअरही सारखे.

चिपळूणची_वकील

दादा, संबंध तिथेच आहे हो! शेअर सारखे असले तरी तुमच्या आणि त्यांच्या हातात एकच वस्तू नाही.

कंपनी फेडू शकली नाही तर बँक हमीदाराकडे जाणार, आणि आधी कंपनीची मालमत्ता विकून मगच या असं हमीदाराला सहसा म्हणता येत नाही, कारण हमीपत्रात त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करण्याच्या तरतुदी डिसेंबर २०१९ पासून लागू आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या वैध ठरवल्या. दिवाळखोरीत कंपनीची तोडग्याची योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हेही त्याच निकालात आलं.

हमीदाराने पैसे भरले तर करार कायद्यानुसार तो बँकेच्या जागी येतो आणि कंपनीकडून वसूल करू शकतो. पण तेव्हा कंपनीत उरलेलं काय असणार? हमी न दिलेल्या भागधारकांकडे मात्र तो मागू शकत नाही. तुम्ही तिघे खरोखर मोकळे आहात.

शांत_खाडी

वकील बाईंनी कायदा सांगितला, मी आकडे मांडतो. दोघांची घरं तूट भरून काढायला पुरेशी आहेत आणि तूट ते निम्मी-निम्मी उचलतात असं धरा.

बर्फ केला. चांगलं वर्ष गेलं तर १० लाख नफा, प्रत्येकाला २. वाईट गेलं तर १० लाखांची तूट, ती दोन डायरेक्टरांवर, प्रत्येकी ५. तुमची सरासरी १ लाख. डायरेक्टरची सरासरी उणे दीड लाख.

कोळंबी केली. साधली तर ५० लाख, प्रत्येकाला १०. फसली तर ६० लाखांची तूट, डायरेक्टरांवर प्रत्येकी ३०. तुमची सरासरी ५ लाख. डायरेक्टरची सरासरी उणे १० लाख.

बँकेचं म्हणाल तर हमी खरोखर वसूल होणारी असेल तर तिला दोन्हीकडे ८० मिळणार. मघाशी बँकेचे गेलेले २५ लाख आता बँकेचे जात नाहीत, त्या दोघांच्या घरातून जातात. तुम्ही तिघांनी कॉल धरून ठेवलाय. त्या दोघांनी कॉल धरलाय आणि शिवाय बँकेला फुकटात एक पुट लिहून दिलाय, म्हणजे कंपनी कमी भरली तर फरक आम्ही भरू असं वचन. चढउतार वाढला की त्यांचा कॉल वाढतो, पण लिहिलेला पुट त्याहून जास्त अंगावर येतो.

म्हणून ते भित्रे आहेत असं मला वाटत नाही. तुम्ही त्यांच्या खुर्चीत असता तर तुम्हीही बर्फच म्हणाला असता.

बर्फवाला_मिरकरवाडा

म्हणजे आम्ही तिघे लबाड, असंच ना? 🙏 शेअरला पैसे आम्हीही घातलेत काका. ते गेलेच आहेत. उरलेल्यातून काही परत मिळवायचं म्हटलं तर चूक काय?

शांत_खाडी

लबाड म्हणालो नाही. तुमच्या जागेवरून बघितलं की कोळंबी फायद्याचीच दिसणार, ती दिसावी अशीच जागा आहे. घातलेले पैसे आता हिशेबात येत नाहीत, पण "गेलेच आहेत, मग एक डाव टाकून बघू" हे वाक्य मी कर्ज विभागात टेबलाच्या पलीकडून इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मी स्टॉक स्टेटमेंट मागवायचो.

अमेरिकेत १९८० च्या दशकात बचत-गृहकर्ज संस्थांचं असंच झालं. आतून बुडालेल्या संस्था उघड्याच राहू दिल्या, ठेवींना सरकारी विमा असल्यामुळे ठेवीदार बघायला येईना, आणि १९८२ च्या कायद्याने त्यांना व्यापारी मालमत्तेवर मोठी कर्जं देण्याची मोकळीक मिळाली. मालकांच्या हातात गमावण्यासारखं काही राहिलं नव्हतं. १९८९ मध्ये नवा कायदा करून सरकारला त्या बंद करत बसावं लागलं, बिल करदात्याने भरलं.

श्रीवर्धन_कोळंबी

मी कोळंबी करते म्हणून लिहिते. तुमचे १३० आणि २० कुठून आले ते आधी सांगा. अर्धीअर्धी शक्यता कोणी ठरवली?

माझ्याकडे एका हंगामात व्हाईट स्पॉट आला. पहिली खूण म्हणजे चेक ट्रेमध्ये खाद्य उरायला लागलं. मला वाटलं ढगाळ हवा आहे, खात नसेल. दुसऱ्या दिवशी कोळंबी काठाला येऊन सुस्त फिरायला लागली, कवचावर पांढरे ठिपके. तिथून आठवड्याच्या आत तळंच्या तळं जातं. आम्ही घाईघाईने जाळं मारून लहान कोळंबीच विकली. किलोला शंभर बसणारा माल होता, त्याला मोठ्या मालाचा भाव कुठून येणार? बीज आणि खाद्याचे पैसेसुद्धा पुरते सुटले नाहीत.

बहुतेक नवीन लोक सांगतात, "आम्ही चार तळी घेतोय, एक गेलं तर तीन राहतील." तसं होत नाही. चारही तळी एकाच खाडीचं पाणी घेतात, खेकडे आणि पक्षी इकडून तिकडे जातात, जाळी आणि माणसंही तीच. रोग आला की शेजाऱ्याचंही जातं. म्हणून दोन टोकं खरी आहेत, मधलं फारसं काही नसतं.

आणि कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटीची नोंदणी आहे का त्या तळ्यांना? नसेल तर पुढचं बोलणंच नको.

सीए_होणारच

ताई, तुम्ही जे सांगितलं ते ऑप्शनवाल्याला गोड वाटेल 😀 चारही तळी एकदम जाणार किंवा एकदम साधणार म्हणजे पसारा वाढला. स्वतंत्र असती तर बेरीज मध्याकडे सरकली असती आणि कॉलची किंमत उतरली असती.

श्रीवर्धन_कोळंबी

गोड तुम्हाला वाटेल. मेलेली कोळंबी उपसायला मी होते. वास आठवडाभर जात नाही.

शांत_खाडी

मुलाचा मुद्दा बरोबर आहे, आणि तोच काळजीचा आहे. रोगाची जोखीम पसरवणारा भागधारक कंपनीला सुरक्षित करतो आणि स्वतःचा ऑप्शन स्वस्त करतो. काठावरच्या कंपनीत म्हणूनच विमा, सुटे भाग, देखभाल यावर खर्च करायला भागधारक नाखूष असतात. बर्फवाले, कॉम्प्रेसरची दुरुस्ती किती वर्षं लांबलीय?

बर्फवाला_मिरकरवाडा

तीनेक वर्षं. व्हॉल्व्ह प्लेट खडखडते, अमोनिया गळून वास यायला लागला की मिस्त्री येऊन पॅकिंग बदलून जातो. तिथे पैसे घालायला कोणी तयार नाही हे खरंय. घातले तर त्याचा फायदा आधी बँकेलाच होणार असं आमच्यातला एक बोललाही होता.

शांत_खाडी

त्याने पुस्तक न वाचता बरोबर सांगितलं. काठाखाली गेलेल्या कंपनीत नवा पैसा घातला की पहिले काही रुपये सावकाराची तूट भरण्यातच जातात. त्यामुळे अशी कंपनी वाईट जुगार पटकन घेते आणि चांगली दुरुस्ती टाळते. दोन्ही रोगांचं मूळ एकच.

हर्णे_बंदर

मग बँक हे सगळं बघत बसते काय? आम्हाला डिझेलच्या बिलासाठी चार चकरा मारायला लावतात.

शांत_खाडी

बघत बसत नाही, त्या चकरा त्यासाठीच असतात. आमच्याकडे दोन-तीन आयुधं असायची.

एक म्हणजे पैसा कशासाठी दिला ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. बर्फाच्या कारखान्यासाठी दिलेला पैसा तळ्यात गेला तर तो निधी वळवणं ठरतो. २५ लाख किंवा त्याहून जास्त थकबाकी असेल आणि असं सिद्ध झालं तर हेतुपुरस्सर थकबाकीदार म्हणून नाव जाऊ शकतं. बर्फवाले, ती निर्यातदाराची सुटलेली रक्कम कुठल्या खात्यात आली?

बर्फवाला_मिरकरवाडा

… दुसऱ्या बँकेतल्या करंट खात्यात.

शांत_खाडी

ती येणी बँकेकडे नजरगहाण असणार. ती रक्कम कर्जखात्यात यायला हवी होती. आधी तो विषय मिटवा, कोळंबी नंतर.

दुसरं, कर्जाची मुदत छोटी ठेवणं. सीसी दर वर्षी नव्याने मंजूर होतं, म्हणजे ऑप्शनची मुदतही वर्षाचीच. काठावरच्या कंपनीत शेअरची किंमत साधारण मालमत्ता गुणिले चढउतार गुणिले ०.४ एवढी येते, एका वर्षाला, व्याज बाजूला ठेवून. ८० लाखांच्या कंपनीत चढउतार १५ टक्के असेल तर पावणेपाच-पाच लाख. ६० टक्के असेल तर एकोणीसच्या आसपास. आणि एका वर्षाऐवजी दोन वर्षं मिळाली तर किंमत सुमारे १.४ पट. म्हणून अडचणीतला कर्जदार व्याजात सूट मागण्याआधी मुदत मागतो. मुदत मागणं म्हणजे ऑप्शनचीच मुदत वाढवून मागणं.

तिसरं, हमी. ती आपण बघितलीच.

आणि हे सगळं बँकेला आधीपासून ठाऊक असतं. तुमच्या ८० लाखांच्या वचनाला बर्फ करणाऱ्या कंपनीकडून ती ७५ मोजेल, कोळंबीकडे वळेल असं वाटलं तर ५० मोजेल. म्हणजे तुमच्यावरचा संशयसुद्धा शेवटी तुम्हीच वाढीव व्याजाने भरता. जेन्सन आणि मेकलिंग यांनी १९७६ मध्ये हाच मुद्दा मांडला होता.

सीए_होणारच

सर, मग प्रत्यक्षात कंपन्या असं करतात का? का नुसतं फळ्यावरचं गणित?

शांत_खाडी

इथे मी तुम्हाला ठाम उत्तर देणार नाही. आंद्रादे आणि कॅप्लन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ३१ कंपन्या तपासल्या. भरमसाठ कर्ज काढून विकत घेतलेल्या आणि नंतर अडचणीत आलेल्या. त्यांना असा जुगार सापडला नाही. गिल्जे यांनी २०१६ मध्ये तेल कंपन्यांवर लिहिलं. कर्जाचा भार वाढला की त्यांनी नवीन जागी शोधविहिरी खोदणं उलट कमी केलं, आणि बँकेचं कर्ज जास्त असणाऱ्या कंपन्यांत हे जास्त ठळक होतं.

सीए_होणारच

पण आइसडॉर्फर २००८! त्याला अडचणीतल्या कंपन्यांत चढउतार वाढला की गुंतवणूक वाढलेली दिसली, सुदृढ कंपन्यांत उलटं.

शांत_खाडी

वाचलंय. दोन्ही खरे असू शकतात. सावकार बारीक लक्ष ठेवून असेल, किंवा चालकाची नोकरी आणि अब्रू अडकली असेल, तर तो आवर घालतो. लक्ष नसेल तर गणित आपला रंग दाखवतं. बर्फवाल्यांकडे तर एकाच कंपनीत दोन्ही प्रकारची माणसं आहेत.

चिपळूणची_वकील

मग दोघांना आणि तिघांना एका बाजूला आणायचा साधा उपाय आहे. तिघांनीही हमीवर सही करा. बँकेला नको असेल तर आपापसात करारपत्र करा की तूट पाचांनी सारखी वाटून घ्यायची. सहहमीदार आपसात सारखा वाटा उचलतात हे करार कायद्यात आहेच.

शांत_खाडी

वा बाई. लगेच आकडे बघा. पाचांनी तूट वाटून घेतली तर बर्फात प्रत्येकाला अधिक २ किंवा उणे २, सरासरी शून्य. कोळंबीत अधिक १० किंवा उणे १२, सरासरी उणे १ लाख. आता पाचही जणांना बर्फच बरा दिसतो. प्रकल्प तेच आहेत, तोटा कुठे जातो तेवढं बदललं.

आणि याउलट ताईंसारख्या जाणकार माणसाने आकडे तपासून कोळंबीचं चांगलं वर्ष १३० ऐवजी १६० चं आहे असं दाखवलं, तर सरासरी ९० येते. मग प्रत्येकाला अधिक १६ किंवा उणे १२, सरासरी अधिक २. तेव्हा डायरेक्टरही कोळंबीलाच हात वर करतील. सगळ्यांच्या पायात सारखाच काटा असला की मग प्रकल्पावर खरी चर्चा होते.

बर्फवाला_मिरकरवाडा

आमच्यातल्या दोघांना फोन केला. एक म्हणाला, "सही करायची असती तर तेव्हाच केली असती." दुसरा बायकोला विचारून सांगतो म्हणाला. मी स्वतः अजून ठरवलेलं नाही. माझं कर्ल्याचं घर वडिलार्जित आहे, भावाचाही हिस्सा आहे त्यात.

पण एक विचारतो. आम्ही तिघे मिळून ६० टक्के. सभा बोलावून ठराव केला तर डायरेक्टरांना मानावाच लागेल ना?

मालवणी_खाजा

आता कसा बोललंस! सही नको, ठराव व्हयो. 😂

चिपळूणची_वकील

साधा ठराव ६० टक्क्यांनी होतो, डायरेक्टर बदलायचाही होतो. पण आधी मेमोरँडम काढून उद्दिष्टांचं कलम वाचा. त्यात मत्स्यशेती बसत नसेल तर कलम बदलावं लागेल, आणि त्याला विशेष ठराव लागतो. विशेष ठरावात बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट हवीत. तुमची ६०, त्यांची ४०. होणार नाही.

बर्फवाला_मिरकरवाडा

मेमोरँडम काढलं. "बर्फ तयार करणे, शीतगृह चालवणे आणि मत्स्यव्यवसायाशी संबंधित पूरक कामे" असं लिहिलंय. कोळंबी पूरक कामात येते की नाही?

चिपळूणची_वकील

भांडायला जागा आहे, दोन्ही बाजूंना. मी तुमची वकील असते तर येते म्हणाले असते, डायरेक्टरांची असते तर नाही म्हणाले असते. पण नुसत्या या शब्दांवर विसंबून तळ्यात बीज सोडू नका. ते खटल्यात गेलं तर तुमचा मार्च आधी येईल.

श्रीवर्धन_कोळंबी

आणि ज्यांच्याकडून तळी भाड्याने घेताय त्यांना विचारा, मागच्या तीन पिकांत किती वेळा घाईने जाळं मारलं. सांगायला टाळाटाळ केली तर समजा.

बर्फवाला_मिरकरवाडा

विचारतो. ती दुसऱ्या बँकेतली रक्कम उद्या कर्जखात्यात वळती करायला डायरेक्टर निघालेत, मी अडवलं नाही. राहिलेल्या तिघांच्या सहीचं आमचं आम्हालाच जुळेना, रविवारी परत बसणार आहोत.